शिवण कुठे पाहत होती?

2024 च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमच्या कसोटीत जसप्रीत बुमराहने ऑली पोपला टाकलेला यॉर्कर मी आजवर किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही. पोप त्या वेळी चाचपडणारा फलंदाज नव्हता. आदल्याच कसोटीत, हैदराबादला, त्याने 196 धावा केल्या होत्या. चेंडू हातातून सुटला तेव्हा तो ऑफ स्टंपच्या बाहेर जाईल असं वाटत होतं. मग तो आत वळला, पोपच्या बॅटखालून निसटला आणि यष्ट्या उखडून गेला. इंग्लंडच्या डावाची तीस षटकंही तेव्हा झालेली नव्हती. समालोचन कक्षात ओरडा झाला आणि त्या ओरड्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता: रिव्हर्स.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दादा आणि मी सामने ऐकायचो, पुढे पाहायला लागलो. माझ्याकडे एक वही होती. समालोचक खेळाबद्दल काही नियमासारखं बोलले की मी ते त्या वहीत उतरवून ठेवायची. त्यात एका पानावर दोन ओळी आहेत: ‘नवा चेंडू चकाकीपासून दूर जातो. जुना चेंडू चकाकीकडे जातो, त्याला रिव्हर्स म्हणतात.’ खाली मी ‘का?’ असं लिहून त्याभोवती चौकट काढली होती. ती चौकट बरीच वर्षं तशीच रिकामी राहिली.

समालोचनात ‘का’चं एक उत्तर नेहमी मिळायचं. एका बाजूला घाम लावून लावून ती बाजू ओली आणि जड होते, म्हणून चेंडू त्या बाजूला ओढला जातो. कॉलेजच्या संघात मी गोलंदाजी करायला लागले तेव्हा सरांनीही हेच सांगितलं. ऐकायला ते इतकं सरळ वाटतं की शंका घ्यावीशी वाटत नाही. पण जरा थांबून पाहिलं तर त्यात काही उरत नाही. वजन खाली ओढतं. उजवी बाजू जड असली म्हणून गुरुत्वाकर्षण चेंडूला उजवीकडे नेत नाही. हवेत उडणाऱ्या चेंडूला आडवं ढकलायला आडवाच जोर लागतो, आणि तिथे त्याला स्पर्श करणारी एकच गोष्ट असते ती म्हणजे हवा. चेंडू वळतो तो हवेमुळे. जुना चेंडू उलटा वळतो तोही हवेमुळेच.

आधी साधा स्विंग नीट पाहावा लागतो, कारण उलट्याची सगळी गंमत त्यातच दडलेली आहे.

क्रिकेटच्या चेंडूचे दोन अर्धगोल जिथे जोडलेले असतात तिथे टाक्यांच्या सहा ओळी असतात. ही शिवण. सगळी मिळून ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद भरते आणि बाकीच्या कातड्यापेक्षा किंचित वर उठलेली असते, एखाद्या मिलिमीटरच्या आसपास. तो उठाव बोटाला जाणवतो, लांबून दिसतही नाही. पण चेंडूला लगटून वाहणारा हवेचा थर त्याहूनही पातळ असतो. त्या थराच्या दृष्टीने शिवण म्हणजे वाटेत आडवा आलेला बांधच.

समजा, आपण गोलंदाजाच्या मागे उभे आहोत. समोर उजव्या हाताने खेळणारा फलंदाज आहे, म्हणजे स्लिपचे क्षेत्ररक्षक आपल्या डाव्या हाताला. गोलंदाजाने शिवण थोडी तिरकी धरली आहे, तिचं तोंड पहिल्या-दुसऱ्या स्लिपकडे. चेंडू निघतो. समोरून येणारी हवा चेंडूच्या नाकावर आदळून दोन्ही गालांवरून मागे जायला लागते. डाव्या गालावरून जाणाऱ्या हवेला लगेच शिवण आडवी येते. उजव्या गालावर कातड्याशिवाय काही नाही.

उजव्या गालावरचा थर शांतपणे, एका लयीत वाहतो. पण असा शांत थर अशक्त असतो. चेंडूच्या वळणाला धरून मागे जायची ताकद त्याच्यात नसते. जवळपास चेंडूच्या कमरेपाशीच, सगळ्यात रुंद भागाच्या आसपास, तो चेंडूला सोडून देतो. डाव्या गालावरच्या थराला शिवणीची ठेच लागते आणि तो खवळतो. खवळलेला थर वरच्या वेगवान हवेतून सतत जोर खाली ओढून आणतो, त्यामुळे तो जास्त काळ चिकटून राहतो आणि चेंडूच्या पाठीपर्यंत वळण घेतो. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात ते याचसाठी.

आता डावीकडची हवा उशिरा सुटते आणि उजवीकडची लवकर. चेंडूमागे भोवऱ्यांचा जो पट्टा पडतो, होडीमागे पाण्यात पडतो तसा, तो सरळ मागे न जाता उजवीकडे झुकतो. हवा उजवीकडे फेकली गेली म्हणजे चेंडू डावीकडे ढकलला गेला. शिवण ज्या दिशेला पाहत होती त्याच दिशेला, स्लिपकडे. हा झाला आउटस्विंग.

या सगळ्या गोष्टीत चकाकी कुठे आली? उजव्या गालावर. तिथे थर शांत राहावा म्हणून तो गाल गुळगुळीत हवा, एवढंच तिचं काम. वळवण्याचं काम शिवण करते. ही एक ओळ मला शाळेत असताना कुणी सांगितली असती तर वहीतली चौकट तेव्हाच भरली असती.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात 1980 च्या सुमारास काही संशोधकांनी हे मोजून पाहिलं. त्यांच्यात रवी मेहता होते, जे पुढे नासात गेले. शाळेत ते आणि इमरान खान एकत्र होते, ही गोष्ट मला फार आवडते. त्यांनी चेंडू उतरणीवरून शिवणीवर घरंगळत सोडले, म्हणजे त्यांना गोलंदाज देतो तशी मागे फिरणारी गिरकी मिळाली, आणि मग ते पवनबोगद्यातल्या झोतातून जाऊ दिले. झोतातून जाताना चेंडू किती आडवा सरकला यावरून त्यावरचा जोर काढला. शिवण 20 अंश तिरकी, गिरकी सेकंदाला 11 च्या थोडी वर आणि वेग सेकंदाला 30 मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी 108 किलोमीटर, अशा बेतात सगळ्यात चांगला स्विंग मिळाला. मध्यमगती गोलंदाज नवा चेंडू एवढा का वळवतात, ते इथे कळतं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. वेग आणखी वाढवत नेला तसा आडवा जोर कमी होत गेला, शून्यावर आला आणि मग त्याची दिशा बदलली. तोच चेंडू, तशीच धरलेली शिवण, आणि तो उलट बाजूला ढकलला जाऊ लागला.

याचं कारण असं. हवा पुरेशा वेगाने आली की चेंडूवरचा थर शिवणीची वाट पाहत नाही. तो आपला आपणच खवळतो, तोही शिवणीपर्यंत पोहोचण्याआधी, आणि दोन्ही गालांवर. म्हणजे उजव्या गालाला आतापर्यंत जे मिळत नव्हतं तेही त्याला मिळालं. तिथला थर आता पाठीपर्यंत चिकटून जाऊ लागतो. आणि डाव्या गालावर? तिथला थर आधीच खवळलेला आहे आणि त्याला वर शिवणीचा बांध ओलांडायचा आहे. आता शिवणीची ठेच त्याला बळ देत नाही, दमवते. ओलांडताना तो जाड आणि सुस्त होतो आणि लवकर सुटतो. सगळं चित्र आरशात पाहावं तसं उलटतं. मागचा पट्टा डावीकडे झुकतो, चेंडू उजवीकडे जातो. शिवण स्लिपकडे पाहते आहे आणि चेंडू फलंदाजाच्या पायांकडे निघाला आहे.

एकच शिवण एका परिस्थितीत थराला उठवते आणि दुसरीत त्याला दमवते. रिव्हर्स स्विंग म्हणजे एवढंच. मला यातलं ‘एवढंच’ फार मोठं वाटतं, कारण गोलंदाजाने मनगटात, बोटांत, पायांत काहीही बदललेलं नसतं.

मग जुना चेंडू कशाला हवा? नव्या, गुळगुळीत चेंडूवर थर आपोआप खवळायला फार वेग लागतो, ताशी सुमारे 145 किलोमीटरच्या वर. असे गोलंदाज कोणत्याही काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण कातडं खरखरीत झालं की प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खवला थराला थोडी ठेच देत असतो आणि खवळण्यासाठी लागणारा वेग बराच खाली येतो. म्हणजे चेंडूचं वय म्हणजे किती षटकं झाली, हे नव्हे. त्याचं कातडं किती झिजलं, हे. एकाच दिवशी एका मैदानावर पंचविसाव्या षटकात चेंडू उलटा वळतो आणि दुसऱ्यावर साठाव्यातही वळत नाही. खेळपट्टी आणि मैदान कोरडं, टणक असेल तर कातडं लवकर खरवडतं. हिरव्या, मऊ, दमट गवतावर घरंगळणारा चेंडू म्हातारा होतो, पण खरखरीत होत नाही.

1992 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वसीम अक्रमने मेलबर्नला लागोपाठच्या दोन चेंडूंवर ॲलन लँब आणि क्रिस लुइस यांच्या यष्ट्या घेतल्या, ते पस्तिसावं षटक होतं. रिव्हर्सची आठवण निघाली की त्या दोन चेंडूंचं नाव निघतंच. पण त्या स्पर्धेत दोन टोकांकडून दोन वेगळे पांढरे चेंडू वापरत होते, हे सहसा कुणी बोलत नाही. म्हणजे वसीमच्या हातातला चेंडू फार तर सतरा-अठरा षटकं जुना होता. 2011 मध्ये एकदिवसीय सामन्यांत पुन्हा दोन चेंडू आले आणि रिव्हर्स जवळपास नाहीसा झाला, म्हणून 2025 मध्ये नियम बदलला: चौतीस षटकांपर्यंत दोन्ही चेंडू, नंतर त्यांतला एकच शेवटपर्यंत. बदल चांगला आहे, मला मनापासून आनंद झाला. पण 1992 चं ते षटक आठवलं की कळतं, षटकांची संख्या हा गोष्टीचा एक भाग झाला. कातड्याचं काय झालं, हा दुसरा.

आता माझ्या वहीतल्या त्या ओळीकडे येते: ‘जुना चेंडू चकाकीकडे जातो.’ हे वाक्य समालोचनात इतकं रुळलं आहे की ते व्याख्येसारखं म्हटलं जातं. मी हे वाक्य आणि प्रयोगशाळेतली आकृती शेजारी शेजारी मांडली तेव्हा दोन्ही जुळेनात, आणि त्यावर मी बरेच दिवस अडून बसले होते.

गोंधळ असा. मेहतांचं म्हणणं आहे की उलटा स्विंग सहज मिळवायचा तर खरखरीत गाल पुढे, फलंदाजाच्या दिशेला हवा, कारण थर लवकर खवळायला हवा आहे. आपल्या उदाहरणात शिवण स्लिपकडे आहे, म्हणजे पुढे येणारा गाल उजवा. तो खरखरीत ठेवला, तर चेंडू उजवीकडे जाणार. उजवीकडे म्हणजे खरखरीत बाजूकडे, चकाकीपासून दूर! समालोचकाच्या नियमाच्या बरोबर उलट. मग कोण चुकतंय?

मला जे उमगलं ते असं. चकाकीच्या नियमाने चालणारा गोलंदाज चकचकीत गाल उजवीकडेच ठेवतो, साध्या आउटस्विंगला ठेवतो तसाच, आणि चेंडू आत येतो. हे खरोखर घडतं. पण ते घडण्यासाठी वेग एवढा हवा की चकचकीत गालावरचाही थर स्वतःहून खवळलेला असेल. चाळीस षटकं मार खाल्लेल्या चेंडूची ‘चकचकीत’ बाजू ही फक्त दुसरीपेक्षा बरी असते. ती नव्या चेंडूसारखी गुळगुळीत उरलेली नसते. घासून आणलेली लकाकी डोळ्यांना दिसते, हवेला मात्र तिच्याखालच्या बारीक सुरकुत्या लागतात. अशा चेंडूला वेगवान गोलंदाजाने सोडलं की दोन्ही गाल खवळलेले, डाव्या गालावर शिवण आणि शिवणीच्या मागे खरखरीत कातडं, दोघं मिळून तिथला थर आणखी जाड करतात. तो लवकर सुटतो आणि चेंडू चकाकीकडे जातो. समालोचकाचं वाक्य खरं ठरतं.

म्हणजे दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या वेगाच्या पट्ट्यात. पण ज्याला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल त्याने चकाकी ठेवू नये, शिवण ठेवावी. चेंडू शिवण पाहते त्या दिशेला गेला तर साधा स्विंग. उलट दिशेला गेला तर रिव्हर्स. चकाकी कुठे आहे यावर हे ठरत नाही.

आणि तिसराही एक प्रकार आहे. समालोचनात तो सर्रास रिव्हर्समध्ये ढकलला जातो, याचं मला वाईट वाटतं. शिवण तिरकी न धरता अगदी सरळ, फलंदाजाकडे तोंड करून धरली, आणि एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत असेल, तरी चेंडू वळतो. तिथे शिवण दोन्ही गालांना सारखीच असते, म्हणून फरक फक्त कातड्याचा. कमी वेगात खरखरीत गालावरचा थर खवळतो, गुळगुळीत गालावरचा शांत राहतो, आणि चेंडू खरखरीत बाजूकडे जातो. फार वेगात दोन्ही खवळतात, खरखरीत बाजूचा थर जाड होऊन लवकर सुटतो आणि चेंडू चकाकीकडे जातो. याला कॉन्ट्रास्ट स्विंग म्हणतात.

याचा माझ्या आयुष्याशी संबंध आहे. कॉलेजातले दोन हंगाम मी नेटमध्ये रिव्हर्सच्या मागे होते. चेंडूची एक बाजू जिवापाड जपायची, दुसरी खरवडू द्यायची, आउटस्विंगची पकड धरायची आणि तो आत येण्याची वाट पाहायची. तो कधीच आला नाही. सर म्हणायचे, अजून घाम लाव, बाजू जड होऊ दे. माझा वेग तेव्हा ताशी शंभरच्याही आतबाहेर असेल. त्या वेगाला, चकचकीत गाल पुढे ठेवून, तो थर खवळणारच नव्हता. मी दोन हंगाम घासला तरी नाही. मी शिवण सरळ धरून तोच चेंडू टाकला असता, तर तो खरखरीत बाजूकडे वळला असता आणि मला दोन्हीकडे वळवता आला असता. त्या हंगामांचं मला अजून दुःख होतं. घामाने चेंडू जड होत नाही, हे त्या वेळी एकाही माणसाने म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मी स्वतः विचारला असता.

समालोचनातला दुसरा लाडका शब्द म्हणजे ‘उशिरा’. चेंडू उशिरा वळला, शेवटच्या क्षणी वळला. जणू चेंडू अर्धा रस्ता सरळ येतो आणि मग त्याला काहीतरी सुचतं. हा शब्द मला मोडीत काढायचा नाही, कारण फलंदाजाला तसं खरंच दिसतं. पण का दिसतं, हे हिशोबाने पाहण्यासारखं आहे.

गोलंदाजाच्या क्रीजपासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंतचं अंतर सुमारे 17.7 मीटर. चेंडू ताशी 140 किलोमीटरने सुटला आणि हवेने थोडा मंदावला, तर त्याला पोहोचायला साधारण 0.48 सेकंद लागतात. समजा आडवा जोर चेंडूच्या वजनाच्या पाव हिस्सा आहे आणि पूर्ण वाटेत तो तसाच लागतो आहे, सुरुवातीपासून. कुठेही ‘उशिरा’ नाही. तर चेंडू एकूण सुमारे 28 सेंटिमीटर आडवा सरकतो. तीन यष्ट्यांची मिळून रुंदी 22.86 सेंटिमीटर, त्याहून जास्त. पण सारख्या जोराखाली सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं. अर्ध्या वेळेत सरकतो तो फक्त 7 सेंटिमीटर. उरलेले 21 दुसऱ्या अर्ध्यात.

फलंदाजाला शेवटच्या 0.2 सेकंदात बॅटची दिशा बदलणं जवळपास अशक्य असतं. त्या क्षणापर्यंत चेंडू सुमारे साडेनऊ सेंटिमीटर वळलेला असतो. समजा फलंदाज फार चांगला आहे. त्याने एवढं वळण ओळखलं, आणि चेंडू आता ज्या दिशेने निघाला आहे त्या सरळ रेषेत बॅट खाली आणली. तरी शेवटच्या त्या 0.2 सेकंदात चेंडू त्याच्या रेषेपासून आणखी 5 सेंटिमीटर आत गेलेला असतो. बॅटची रुंदी 10.8 सेंटिमीटर. तिचा मध्य चेंडूवर आणायला निघालेल्या फलंदाजाला चेंडू बॅटच्या कडेवर भेटतो. आणि जो सरळ जाईल असं धरून खेळला, त्याचं काय होतं ते विशाखापट्टणमला दिसलं.

म्हणूनच रिव्हर्सचे चेंडू पुढ्यात टाकतात. आखूड टाकला तर चेंडू अर्ध्या वाटेत टप्पा घेतो, म्हणजे 7-8 सेंटिमीटर वळून झाल्यावर, आणि टप्प्यानंतर वेगही गेलेला आणि शिवणही हललेली. यॉर्करला पूर्ण वाट हवेत मिळते, म्हणजे सगळेच्या सगळे 28 सेंटिमीटर पदरात पडतात. यॉर्कर आणि रिव्हर्स यांची जोडी जमली ती या साध्या वर्गाच्या हिशोबाने.

हे सगळं फसतं कुठे? बहुतेक वेळा शिवणीत. चेंडू हातातून सुटताना शिवण डगमगली तर दोन्ही गालांवर आळीपाळीने येते आणि फरक पुसला जातो. कातडं तयार, वेग तयार, आणि चेंडू सरळ जातो. नाहीतर खरखरीत बाजूला ओलावा लागतो. म्हणून त्या वेळी क्षेत्ररक्षकांकडे पाहायला हवं. चेंडू एकाच माणसाकडे जातो, तो एकाच बाजूला पँटवर घासतो. बाकीचे चेंडू दोन बोटांत, शिवणीवर धरतात, खरखरीत बाजूला घामट तळवा लागू नये म्हणून. सीमारेषेवरून फेक टप्पा घालून येते. गोलंदाज धावायला लागतो तेव्हा दुसऱ्या हाताने चेंडू झाकलेला असतो. समालोचक ‘रिव्हर्स’ म्हणायच्या दोन-तीन षटकं आधी मैदानावर हे सुरू झालेलं असतं.

2020 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत लाळ लावायला बंदी आहे, घाम चालतो. आणि जे चालत नाही त्याबद्दल सांगायलाच हवं. 2018 च्या मार्चमध्ये केप टाउनला ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बँक्रॉफ्टकडे सॅंडपेपर सापडला. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर त्यांच्या मंडळाने वर्षभराची बंदी घातली, बँक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची. त्या बातमीनंतर माझ्या ओळखीतले कितीतरी लोक रिव्हर्स म्हणजे लबाडीच, असं म्हणायला लागले. पाकिस्तानच्या सरफराज नवाझने ते इमरानला शिकवलं, इमरानकडून ते वसीम आणि वकार युनूसकडे आलं, आणि 1992 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांच्यावरही हाच संशय घेतला गेला होता. पुढे इंग्लंडच्याच गोलंदाजांनी 2005 च्या ॲशेसमध्ये त्याच विद्येवर ऑस्ट्रेलियाला हरवलं तेव्हा तिला कला म्हटलं गेलं. मला ते तेव्हाही खुपलं, आजही खुपतं. कातडं खेळपट्टीवर झिजलं की सॅंडपेपरवर, हे हवेला कळत नाही. आपल्याला कळतं आणि कळायला हवं. पण म्हणून शिवण तशी सोडण्यातलं कसब खोटं ठरत नाही.

परवा दादाला फोन केला आणि पोपचा तो चेंडू पुन्हा पाहायला सांगितला, आवाज बंद करून, गोलंदाजाच्या मागच्या कॅमेऱ्यातून, सगळ्यात सावकाश गतीने.

‘‘काय बघू?’’

‘‘चकाकी बघू नकोस. शिवण कुठे तोंड करून आहे ते बघ. मग चेंडू कुठे जातो ते बघ.’’

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. त्याने दोनदा-तीनदा मागे नेऊन पाहिलं असावं.

‘‘थांब जरा,’’ तो म्हणाला, ‘‘वसीमचे ते दोन आहेत का कुठे असेच सावकाश?’’